पावसाळ्यात घरात वाळवलेल्या कपड्यांना कुबट वास येऊ नये म्हणून तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

धुण्याचा_ढीग: डोंबिवलीत वन बीएचके, बाल्कनी नाही. दोन पोरांचे युनिफॉर्म, चार टॉवेल, नवऱ्याची जीन्स. ड्रायर घ्यायला ना जागा, ना बजेट. कापड कोणतं, दोन कपड्यांत अंतर किती, पंखा कुठे, असं आपापल्या घरातलं सांगा. "उन्हात वाळवा" सांगणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.

कोकणकन्या_चिपळूण: आमच्याकडे माजघरात वलणी आहे. सासूबाईंचा नियम: दोन कपड्यांतून हाताचा पंजा आडवा गेला पाहिजे. मावत नसेल तर आज कमी धुवायचं. शर्ट हँगरवर, बटणं उघडी, कॉलर उभी. जीन्स उलटी करून कमरेला चार चिमटे, म्हणजे पट्टा गोल उघडा राहतो आणि पायातून वारा जातो. वास नेहमी खिशाच्या अस्तरात आणि कमरेच्या शिवणीतच सुरू होतो. बाकी जीन्स कडक वाळलेली असते, म्हणून आपण फसतो. घडी घालण्याआधी तिथे हात लावून बघा.

बिनधास्त_ठाणे: सोपं आहे. बाहेरची हवाच ओली, मग खिडक्या बंद करायच्या, पंखा पाचवर, आणि सॉफ्टनर झाकणभर जास्त. वासाचं नाव नाही.

प्रोसेसवाले_काका: इचलकरंजीत प्रोसेस हाऊसमध्ये आयुष्य गेलं, म्हणून जरा हिशोब मांडतो. सुके चार किलो सुती कपडे मशीनमधून पिळून निघाले की साधारण सहा किलो भरतात. म्हणजे दोन लिटर पाणी तुम्ही खोलीत टांगलंत. दहा बाय दहाच्या खोलीतली जुलैची दमट हवा आणखी फार तर अर्धा पेला पाणी घेईल. मग तिचं पोट भरलं. बंद खोलीत पंखा तीच ओली हवा गरागरा फिरवतो. पंखा हवाच, पण ती हवा बाहेरही गेली पाहिजे.

टेबल फॅन जमिनीवर ठेवा, कपड्यांच्या कडेने वारा जाईल असा, म्हणजे तो फटींतून आरपार जातो. समोरच्या बाजूची खिडकी उघडी, किंवा बाथरूमचं दार उघडून एक्झॉस्ट चालू. आणि मशीनमध्ये जास्त वेगाचा स्पिन, सोसणाऱ्या कपड्यांना दोनदा. मशीनने काढलेलं पाणी हवेला काढावं लागत नाही. सॉफ्टनरने वास झाकला जातो, आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो ते वेगळंच.

बिनधास्त_ठाणे: काका, मुसळधार पावसात खिडकी उघडायची? कपडे आणखी भिजतील!

प्रोसेसवाले_काका: झड आत येत असेल तर बंदच करा. एरवी घर बाहेरपेक्षा थोडं गरम असतं. बाहेरची हवा आत येऊन तापली की थोडं पाणी उचलते. फरक मोठा नाही, हेही मान्य. एसी असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा बंद खोलीच बरी. एसीच्या पाइपातून टपकतं ना, ते कपड्यांचंही पाणी असतं.

पैठणी_प्रेमी: माझ्या कपाटातल्या पैठणीला असाच वास येतोय. तीही पंख्याखाली टांगू का?

कोकणकन्या_चिपळूण: ताई, इथे धुतलेल्या कपड्यांचं चाललंय 🙂 पैठणी घडी मोडून सावलीत पसरा, जरीला पाणी लावू नका. बुरशीचे ठिपके दिसले तर जाणत्या ड्रायक्लीनरकडेच.

जिमवाला_पुणेकर: कापडावर बोलू का? पॉलिस्टरचा टी-शर्ट रात्रीत वाळतो, तरी घातल्यावर तासाभरात वास मारतो. सुती बनियन वाळायला वेळ खातं, पण त्याला तसा येत नाही. मग पावसाळ्यात पॉलिस्टर घ्या म्हणतात ते का?

प्रोसेसवाले_काका: पॉलिस्टर पाणी पीत नाही, पण अंगाचं तेल धरून ठेवतं. ते तेल धुण्यात निघालं नाही की जंतूंची सोय झाली, आणि घाम लागला की वास परत. घाम आला की लगेच धुवा, उलटं करून. शाळेच्या युनिफॉर्मला टेरिकॉट ठीक, लवकर वाळतं. टॉवेल जाड टर्किशऐवजी पातळ पंचा घ्या, चार महिन्यांपुरता.

धुण्याचा_ढीग: केलं. फॅन खाली, बाथरूमचा एक्झॉस्ट चालू, टॉवेल दोन दोऱ्यांवर मध्ये पोकळी ठेवून. रात्री घातलेले युनिफॉर्म सकाळी कोरडे, फक्त कॉलर आणि खिसा ओलसर, तेवढं इस्त्रीने मारलं. टॉवेलला मात्र आधीचा वास आहे तो आहेच.

कोकणकन्या_चिपळूण: तो आता वाळवून जाणार नाही. कडक गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजव, मग नेहमीसारखं धू. रंगीत असेल तर आधी कोपरा भिजवून बघ.

जिमवाला_पुणेकर: आमची आई व्हिनेगर वापरते.

कोकणकन्या_चिपळूण: वापरू दे, पण सोड्यासोबत नको, दोघांचाही जोर जातो.

प्रोसेसवाले_काका: आणि धुणं झालं की मशीनमध्ये तसंच ठेवू नका. रात्री लावून सकाळी काढणाऱ्यांनी पंख्याला दोष देऊ नये.