मदत हवी आहे: ग्रुप फोटोत मावशीचा चेहरा नीट करताना ती मावशीच राहत नाहीये

मंडळी, भावाच्या लग्नातला ग्रुप फोटो आहे, त्यात मावशीचे डोळे मिटलेत आणि चेहरा हललाय. तिचा दुसरा एक क्लिअर फोटो रेफरन्स म्हणून देऊन एसडीएक्सएल इनपेंटिंग आणि आयपी-अ‍ॅडॅप्टरचं फेसवालं मॉडेल वापरतोय.

आधी अख्ख्या फोटोवरच मास्क लावून चालवलं तर चेहरा पार वितळल्यासारखा झाला, मग लक्षात आलं की चेहरा जेमतेम 90 पिक्सेलचा आहे आणि व्हीएई 8 पट लहान करतो म्हणजे लेटंटमध्ये 11 चौकटीच उरतात, त्यात काय डोंबल ओळख राहणार. आता चेहऱ्याभोवती चौकोन क्रॉप करून 1024 ला मोठा करतो, इनपेंट करतो आणि लहान करून परत चिकटवतो. डिनॉइज 0.6.

पण खरं अडलंय ते इथे:

```
pipe.set_ip_adapter_scale(0.9)
```

0.9 ला मावशी येते पण रेफरन्समधला फ्लॅशचा उजेड आणि समोर बघणारी मानही येते, इथे ती डावीकडे वळलीय आणि मांडवातला पिवळा प्रकाश आहे. 0.5 ला प्रकाश, मान बरोबर पण चेहरा तिच्या बहिणीसारखा दिसतो, हनुवटीच बदलते.

क्लिप एम्बेडिंगमध्ये ओळखीबरोबर उजेड आणि कोनही जातो म्हणून हे होतंय ना? मग फेस रेकग्निशन एम्बेडिंगवालं फेसआयडी मॉडेल घेऊ, की वळलेल्या मानेचे 3-4 रेफरन्स देऊ? कोणी करून बघितलंय का? आईला फ्रेम करून द्यायचाय, प्लीज सांगा.