कंट्रोलर जोडला, पण गेम दाद देत नाही: बटणं मॅप करण्याचे तुमचे अनुभव

रानवाट
ब्लूटूथ कंट्रोलर फोनला जोडणं सोपं असतं. माझ्या डुअलशॉक 4 वर Share आणि PS ही बटणं एकत्र दाबून धरली की दिवा भराभर लुकलुकतो आणि फोनला तो दिसतो. अडचण पुढची आहे. कित्येक गेम फक्त टचसाठी बनवलेले असतात. अशा गेमसाठी अँड्रॉइडवर ज्यांनी बटणं मॅप केली, त्यांनी कुठे अडलं आणि कसं सुटलं ते लिहा. माझं Mantis Gamepad Pro या मॅपिंग अ‍ॅपवर छान चालतं, पण फोन रीस्टार्ट केला की बंद पडतं. सगळ्यांचंच असं होतं का?

खटपट्या
सगळ्यांचंच होतं. गेमला कंट्रोलर कळत नाही, म्हणून मॅपिंग अ‍ॅप स्क्रीनवर जणू बोट टेकवतं. दुसऱ्या अ‍ॅपवर असा टच टाकायची मुभा अँड्रॉइड साध्या अ‍ॅपला देत नाही, adb, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला आदेश देण्याचं साधन, त्यातून सुरू केलेल्या प्रोसेसला देतं. रीस्टार्टमध्ये ती प्रोसेस मरते, मग पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करायचं. तुम्ही बसवलेली बटणं मात्र जागच्या जागी राहतात.

अँड्रॉइड 11 पासून यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. Build number वर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, वायफाय चालू ठेवून Wireless debugging मध्ये जा आणि तिथला पेअरिंग कोड मॅपिंग अ‍ॅपमध्ये टाका. कोड दाखवणारी खिडकी बंद झाली की कोड बाद होतो, म्हणून सेटिंग्ज आणि अ‍ॅप दोन्ही स्प्लिट स्क्रीनवर ठेवा.

सावकाश
एवढा खटाटोप कशाला? अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी घेऊन चालणारी अ‍ॅप्स आहेत, त्यांना adb लागत नाही. मी पत्त्यांचे आणि कोड्यांचे गेम तसेच खेळतो. रीस्टार्टनंतरही चालतं.

खटपट्या
एकेका टॅपला ते पुरतं, पत्त्यांसाठी मीही तेच सुचवेन. पण त्या मार्गात नवा जेश्चर सुरू झाला की आधीचा तुटतो. स्टिक धरून पळताना उडी मारली तर पात्र थबकतं. तुमचं खरं बोट स्क्रीनला लागलं तरी तेच.

मेघमल्हारी
मी एका साहसी गेमसाठी बटणं बसवली. हल्ला आणि उडी लगेच जमले, कारण त्या बटणांवर नुसता टॅप ठेवायचा असतो. खरी मेहनत दोन स्टिकची.

डाव्या स्टिकचं वर्तुळ मी गेममधल्या गोल जॉयस्टिकच्या बरोबर मध्यावर ठेवलं. तरी पात्र चालायचं, पळायचं नाही. वर्तुळाची त्रिज्या लहान होती, त्यामुळे स्टिक पूर्ण ढकलली तरी बोट कडेपर्यंत पोचतच नव्हतं. त्रिज्या गेमच्या वर्तुळापेक्षा किंचित मोठी केली आणि पात्र पळू लागलं. गेमच्या सेटिंगमध्ये जॉयस्टिक 'फिक्स्ड' करून घ्या. ती बोटाखाली सरकत राहिली तर दिशा हमखास चुकते.

कॅमेरा उजव्या स्टिकवर, म्हणजे स्क्रीनवर बोट ओढत नेणं. ते बोट नेमलेल्या भागाच्या कडेला पोचलं की अ‍ॅप ते उचलून पुन्हा मध्यावर आणतं, तेव्हा दृश्याला हिसका बसतो. भाग मोठा केल्यावर हिसके कमी झाले, पण तो 'औषध'च्या बटणावर आला. नजर वळवताना मधूनच औषध वापरलं जाऊ लागलं! शेवटी भाग वर सरकवला आणि वेग थोडा उतरवला. गोल फिरताना बारीक हिसका अजून जाणवतो.

नभांगण
आयफोनवर तर हे आधीपासूनच आहे. Settings मध्ये General, तिथे Game Controller. मी A आणि B ची अदलाबदल तिथेच केली.

खटपट्या
ती अदलाबदल कंट्रोलर ओळखणाऱ्या गेमसाठी आहे. फक्त टचवरच्या गेमला तिचा उपयोग नाही.

कोरडवाहू
माझ्याकडे अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हेट झालं, अ‍ॅपच्या चाचणीत सगळी बटणंही उमटत होती, पण गेममध्ये काहीच होईना. काही फोनवर साध्या USB debugging खाली `USB debugging (Security settings)` असा आणखी एक पर्याय असतो. तो बंद असेल तर adb ला टच टाकता येत नाही. तो चालू करून पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर चाललं. चाचणीतही बटणं उमटत नसतील तर जोडणीचं बघा. तिथे उमटतात पण गेम हलत नाही, तर हा पर्याय बघा.

रानवाट
कोरडवाहू, फार उपयोगी. आता दोन प्रश्न राहिले. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये असं मॅपिंग वापरून कुणाचं खातं बंद झालंय का? काहींच्या नियमांत बाहेरच्या साधनांना सरसकट मनाई आहे, म्हणून मी तिथे लावत नाही.

मेघमल्हारी
मीही एकट्याने खेळायच्या गेमपुरतंच ठेवलंय. दुसरा प्रश्न कोणता?

रानवाट
ब्लूटूथ इअरफोन लावले की माझा कंट्रोलर अडखळतो, वायरचे लावले की सुरळीत चालतो. आणखी कुणाला जाणवलंय?