सतत पगार उशिरा, राजीनामा न देता नोकरी संपवायचं पत्र कसं लिहू?

अंधेरी_स्लो
मंडळी सल्ला हवाय. अंधेरीत एका छोट्या व्हिडिओ एडिटिंगच्या कंपनीत आहे, ऑफर लेटरमध्ये पगार ५ तारखेपर्यंत असं स्पष्ट लिहिलंय. जानेवारीचा पगार फेब्रुवारी संपता संपता आला, फेब्रुवारीचा अर्धाच आला आणि तोही एप्रिलमध्ये, मार्च-एप्रिलचा तर आज ८ मे उजाडला तरी एक रुपया नाही. विचारलं की "क्लायंटचं पेमेंट अडकलंय, दोन दिवसांत करतो". महिना ६२ हजार आहे. मला आता निघायचंय पण नोटीस पिरियड ६० दिवसांचा, आणि एचआर म्हणते नोटीस न देता गेलीस तर दोन महिन्यांचा पगार कापू. म्हणजे अजून दोन महिने फुकट राबा नाहीतर आपल्याच थकलेल्या पैशांवर पाणी सोडा! तुम्ही करार मोडलात म्हणून मी संपवतेय असं पत्र देता येतं का? कोणाकडे मसुदा असेल किंवा ओळखीचा वकील असेल तर सांगा.

गिरगावचा_बंड्या
अगं ताई टेन्शन कशाला, सात तारखेपर्यंत पगार दिला नाही की करार आपोआप तुटला, कायदाच आहे तसा. उद्यापासून जाऊच नकोस, मेसेज टाक आणि मोकळी हो.

संदीप_ठाणे
माझंही सेम झालेलं. दोन वर्षांचा ट्रेनिंग बॉण्ड होता, सोडताना दीड लाख मागत होते, मी सरळ फोन उचलणंच बंद केलं, पुढे कोणी काही केलं नाही. बॉण्ड दर वेळी कोर्टात टिकतोच असं नाही.

अंधेरी_स्लो
संदीप दादा माझा बॉण्ड नाहीये, पगारच थकलाय 😅

कामगारभवन_वारी
बंड्या, सात तारीख बरोबर सांगितलीस, बाकीचं मात्र तिला खड्ड्यात घालणारं आहे. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, त्यात महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचाच आहे आणि जुन्या कायद्यातली २४ हजारांची मर्यादाही आता नाही, म्हणजे ६२ हजारवाल्यांनाही ती लागू. पण पगार चुकला म्हणून करार आपोआप संपत नाही. तो चालू ठेवायचा की संपवायचा हे ज्याचे पैसे अडकलेत त्याने ठरवायचं आणि तसं कळवायचं. न कळवता घरी बसलीस तर कंपनीच्या रजिस्टरवर तू "गैरहजर", मग दोष तुझ्यावर.

आता मुख्य गोम ऐक. करार कायद्याचं कलम ३९ म्हणतं की समोरच्याने करार पाळायला नकार दिला तर तू तो संपवू शकतेस, पण बोलण्यातून किंवा वागण्यातून तू तो चालू ठेवायला संमती दिली असशील तर नाही. तू जानेवारीचा पगार तीनेक आठवडे उशिराने घेतलास, फेब्रुवारीचा अर्धा घेतलास, लेखी काही म्हणालीस का? नसशील तर कंपनीचा वकील हेच म्हणणार की बाईंना उशीर चालत होता. म्हणून एकदम शेवटचं पत्र नको. आज पहिलं पत्र पाठव, त्यात सगळ्या उशिरांच्या तारखा, आतापर्यंतचे पैसे हरकत राखून घेतलेत हे वाक्य, आणि १५ मे पर्यंत थकबाकी जमा करा ही मुदत. नाही आले तर त्याच संध्याकाळी दुसरं पत्र.

अंधेरी_स्लो
काका थँक्यू. लेखी म्हणजे व्हॉट्सअॅपवर तीन-चार वेळा विचारलंय, "सर पगार कधी" असं. ते चालेल? आणि दुसऱ्या पत्रात नेमकं काय लिहू?

कामगारभवन_वारी
चालेल, उलट चांगलंच आहे, तारखा दिसतील असे स्क्रीनशॉट काढून ठेव आणि चॅट डिलीट करू नकोस. त्यांचं "दोन दिवसांत करतो" हे उत्तर तर सोनं आहे, पगार थकलाय हे त्यांनीच कबूल केलंय.

दुसऱ्या पत्राचा गाभा असा ठेव, ऑफिसात इंग्रजी चालत असेल तर इंग्रजीत कर:

"नियुक्तीपत्रातल्या अटीनुसार दरमहा ५ तारखेपर्यंत वेतन देणे बंधनकारक असताना जानेवारीपासून ते वारंवार उशिरा दिले गेले व मार्च-एप्रिलचे अद्याप दिलेले नाही. दिनांक ८ मे च्या पत्राने मुदत देऊनही थकबाकी मिळाली नाही. हा कराराच्या मूळ अटीचा भंग मानून मी माझी नोकरी आज १५ मे रोजी कामकाज संपल्यापासून संपुष्टात आणत आहे. हा ऐच्छिक राजीनामा नाही. करार आपल्या भंगामुळे संपत असल्याने नोटीस वेतनाची कपात मला मान्य नाही. आजपर्यंतचे वेतन, रजेचे पैसे, भविष्य निर्वाह निधी व इतर देणी यांवरील माझे सर्व हक्क राखून ठेवले आहेत. यापुढे येणारी कोणतीही रक्कम अंशतः वसुली म्हणून स्वीकारली जाईल, संपूर्ण हिशेब म्हणून नाही."

"वैयक्तिक कारणास्तव" हे चुकूनही लिहू नकोस, भले एचआर म्हणो की फॉरमॅटच तसा आहे. ते एकदा लिहिलंस की भंगाचा मुद्दाच तू स्वतः सोडलास.

हिशेब पत्राला जोड. फेब्रुवारीचे उरलेले ३१ हजार, मार्च ६२, एप्रिल ६२, आणि १ ते १५ मे म्हणजे ६२ हजारांचे ३१ पैकी १५ दिवस, बरोब्बर ३० हजार. एकूण १ लाख ८५ हजार, रजेचे पैसे वेगळे. आता बघ, त्यांनी दोन महिन्यांची नोटीस कापली तर १ लाख २४ हजार जातात आणि तुझ्या हातात ६१ हजार उरतात. एचआरची धमकी म्हणजे हेच गणित आहे, म्हणून ते नोटीसचं वाक्य महत्त्वाचं.

सीमा_मुलुंड
काका सगळं खरं, पण प्रॅक्टिकल बोलू का. मी असंच पत्र दिलं होतं, कंपनीने रिलीव्हिंग लेटर अडवलं, नवीन जॉबवाले बॅकग्राउंड चेकसाठी मागत होते, शेवटी नोटीसचे अर्धे पैसे सोडून सेटलमेंट केली. पुढची नोकरी हातात असेल तर ताई आधी त्यांना विचार, रिलीव्हिंगशिवाय चालतं का, ईमेल आणि बँक स्टेटमेंटवर घेतात का. काही कंपन्या घेतात, काही नाही.

गिरगावचा_बंड्या
पण काका, कोर्ट म्हणेल ना की उशीर म्हणजे नकार नव्हे? उशिरा का होईना, देत तर होते.

कामगारभवन_वारी
हो, हाच त्यांचा सगळ्यात मजबूत मुद्दा असेल आणि खात्रीने कोणी सांगू शकत नाही. एकदा आठ दिवस उशीर झाला असता तर मीच म्हणालो असतो की बाई, राजीनामा दे नि सुट. इथे दोन अख्खे पगार थकलेत, मुदत देऊनही आले नाहीत तर हिची बाजू बरीच जड. पण समज नोटीसच्या मुद्द्यावर हरली तरी केलेल्या कामाचा पगार बुडत नाही, वाद फक्त कपातीचा राहतो.

सीमाताईंचं म्हणणं मी खोडणार नाही, रिलीव्हिंगचं दुखणं खरंय. एक मात्र कर, "सर्व हिशेब पूर्ण मिळाला" अशा कागदावर पैसे खात्यात आल्याशिवाय सही नको, आणि कमी आले असतील तर आकडा लिहून "हरकत राखून" असं लिहूनच सही.

अंधेरी_स्लो
पैसे नाहीच दिले तर? वकिलाची फी कुठून आणू, इथे भाडं थकलंय.

कामगारभवन_वारी
संहितेप्रमाणे नोकरी सोडल्यावर पगाराची देणी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायची असतात. नाही दिली तर तीन वर्षांच्या आत दावा करता येतो, रकमेवर दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे, पण पूर्ण दहा पट मिळतील या भरवशावर राहू नकोस. बीकेसीतल्या कामगार भवनात जाऊन तुझ्या भागाचा दावा कोणाकडे चालतो ते विचार, नियुक्तीपत्र, सॅलरी स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि दोन्ही पत्रांच्या प्रती घेऊन जा. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा.

पत्र ईमेलने पाठव, शिवाय कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने. ऑफिस अंधेरीत असलं तरी नोंदणीकृत पत्ता भलताच असू शकतो, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर बघून घे. आणि लॅपटॉप परत देताना पोच घे, नाहीतर उलट तुझ्यावरच चोरीचं लफडं लावतील.

सीमा_मुलुंड
आणि पीएफचं पासबुक आजच बघ गं. पगारातून कापलेले पैसे भरलेत का ते. माझे चार महिने भरलेच नव्हते.

अंधेरी_स्लो
बघितलं. डिसेंबरनंतर एंट्रीच नाही 😡 स्लिपवर मात्र कापलेत. हे पहिल्या पत्रातच टाकते. काका, रिलीव्हिंगचं नवीन कंपनीला विचारते, मग सांगते.