मदत हवी आहे: एमसीव्ही ६४, आरडीडब्ल्यू १८.६ आणि एचबीए२ काठावर

गर्भवती, ९ आठवडे, पहिलीच खेप. हिमोग्लोबिन १०.४, तांबड्या पेशी ५.४ दशलक्ष, एमसीव्ही ६४, आरडीडब्ल्यू-सीव्ही १८.६.

अडचण अशी की दोन खुणा दोन दिशा दाखवतात. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागलं तर ११.९ येतात. १३ च्या खाली, म्हणजे थॅलेसेमिया मायनरकडे कल. पण मायनरमध्ये सगळ्याच पेशी सारख्या लहान असतात, त्यामुळे आरडीडब्ल्यू बहुधा फारसा वाढत नाही. इथे तो चांगलाच वाढलाय, म्हणजे लोह कमी. फेरिटिन ९ आहेच. मला दोन्ही एकत्र असावंसं वाटतं.

एचपीएलसीत एचबीए२ ३.४ आला. लोह कमी असताना तो खाली येऊ शकतो, म्हणून या आकड्यावर मायनर नाही म्हणायला मन धजत नाही.

नमुना ताजा होता, पुन्हा चालवला, आकडे तेच. स्मिअरमध्ये लहान-फिकट पेशी, पेन्सिल सेल्स आणि थोड्या टार्गेट सेल्स. बी१२ नॉर्मल, रक्त कधी चढवलेलं नाही. लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. नवऱ्याचा एमसीव्ही ७८, एमसीएच २४.६, आरडीडब्ल्यू १३.१, त्याची एचपीएलसी पाठवलीय. दोघंही सिंधी कुटुंबातले, त्यामुळे शंका सोडवत नाही.

लोह भरून एचबीए२ पुन्हा करायला तीनेक महिने जातील आणि ११-१२ आठवड्यांची सीव्हीएसची वेळ निघून जाईल. अशा वेळी तुम्ही नवऱ्याच्या रिपोर्टसाठी थांबता, की बायकोची बीटा ग्लोबिन जनुक तपासणी आत्ताच पाठवता?