एक्सेलमध्ये YIELD कमी येतंय, मदत हवी आहे

वरदा_क: ७.१८% २०३३ चा सरकारी रोखा घेतला. घेताना स्क्रीनवर वायटीएम ६.५०% होता, YIELD मात्र ६.०४% दाखवतंय. आज रात्रीपर्यंत शीट पूर्ण करायची आहे. काय चुकतंय?

पाटीलबुवा: बेसिस रिकामा ठेवला असणार. तिथे 1 टाका, लगेच जुळेल.

वरदा_क: टाकून पाहिलं. दुसऱ्या दशांशापर्यंत तेच.

निशिगंध: किंमत किती टाकलीत आणि ती कुठून घेतलीत? तारीख कोणती?

वरदा_क: किंमत 107.2073. एक लाख दर्शनी मूल्याला खात्यातून १,०७,२०७ गेले. व्यवहार ११ जुलै २०२५ चा.

सुहास७: त्यापेक्षा एफडी बरी. या रोख्यांत पैसे अडकतात.

निशिगंध: सुहासराव, त्यांनी ते विचारलेलं नाही. वरदाताई, खात्यातून गेलेल्या रकमेत मागचं व्याजही आहे. या रोख्याचं व्याज १४ फेब्रुवारी आणि १४ ऑगस्टला मिळतं. ११ तारखेला शुक्रवार होता, म्हणजे सेटलमेंट सोमवारी, १४ जुलैला. मधल्या पाच महिन्यांचं, म्हणजे ३०/३६० च्या हिशेबाने १५० दिवसांचं व्याज २.९९१७ रुपये होतं. ते तुम्ही विकणाऱ्याला दिलंत, ऑगस्टच्या व्याजात परत येईल. YIELD ला मात्र हे व्याज वगळलेली किंमत हवी असते, ते व्याज ते स्वतः धरतं. तुम्ही भरलेल्या किमतीमुळे ते दोनदा धरलं गेलं.

```
=YIELD(DATE(2025,7,14),DATE(2033,8,14),7.18%,104.2156,100,2,4)
```

उलट तपासायचं तर PRICE मध्ये 104.2156 च्या जागी 6.5% टाका, बाकी सगळं तेच. उत्तर 104.2156 आलं पाहिजे.

पाटीलबुवा: पण बेसिस 4 कशाला? वर्षाचे दिवस ३६५ असतात.

निशिगंध: आपल्याकडे सरकारी रोख्यांचं व्याज ३०/३६० नेच मोजतात. बेसिसने फरक पडतो, पण इथे तो टक्क्याच्या तिसऱ्या दशांशात. जवळजवळ अर्धा टक्का त्याने हलत नाही.

वरदा_क: ६.५०% आलं. पण त्याच व्यवहाराला XIRR ६.६ च्या आसपास देतंय, ते का?

निशिगंध: XIRR वार्षिक चक्रवाढीने मोजतं, YIELD सहामाही दर दुप्पट करून सांगतं. ३.२५% दोनदा चक्रवाढ केलं की ६.६१% होतं. दोन रोख्यांची तुलना करताना दोन्हीकडे एकच पद्धत ठेवा.

गोदाकाठ: माझ्या एनसीडीचं व्याज दरमहा येतं. फ्रीक्वेन्सी 12 टाकली की #NUM! येतं.

निशिगंध: तिथे 1, 2, 4 एवढंच चालतं. मासिकाला तारखा आणि रकमा मांडून XIRR लावा.

गोदाकाठ: मुद्दलही मधे मधे परत मिळतंय. तेही त्याच रकान्यात का?

सुहास७: म्हणून म्हणतो, एफडी.