मदत हवी आहे: उपासाची भगर मोकळी कशी करायची?

आषाढी एकादशीला घरी सगळ्यांचा उपास असतो आणि दाण्याच्या आमटीसोबत भगरच लागते. सासूबाईंना ती मऊ, पळीवाढी आवडते, त्यांची छान होते. मुलांना मात्र मोकळी हवी, आणि तिथेच अडतं.

माझी पद्धत अशी: एक वाटी भगर दोन-तीनदा धुऊन चाळणीत निथळते. कढईत चमचाभर तुपात जिरं, मिरची घालून भगर परतते आणि तिला खमंग वास आला की अडीच वाट्या उकळतं पाणी व मीठ घालते. मग मंद आचेवर झाकण. गॅस बंद करताना दाणा दाणा वेगळा दिसतो, पण ताटात वाढेपर्यंत सगळ्याचा एकच गोळा होतो. वरचा थर बरा असतो, तळाचा अगदी चिकट.

पाणी दोन वाट्यांवर आणलं तर गोळा होत नाही, पण दाणा मधे कचकचीत राहतो. दाबून बघितलं की आत पांढरा ठिपका दिसतो. तेव्हा नुसतं पाणी कमी करून भागणार नाही असं वाटतं. धुतलेली भगर ओलसर असताना परतल्यामुळे ती भाजली न जाता वाफवली जाते का? आधी कोरडी भाजून मग धुवावी का? आणि पाणी आटल्यावर लगेच हलवून मोकळी करायची, की दहा मिनिटं झाकूनच ठेवायची?

कुकरमध्ये कुणाची मोकळी होत असेल तर पाण्याचं प्रमाणही सांगा. आमच्याकडे उपासाला जिरं चालतं.