मदत हवी आहे : दवाखान्याच्या अपॉइंटमेंट घरून घेताना एकाच वेळेला दोन रुग्ण येतात

तापीकाठ : नमस्कार. मी भुसावळला राहते आणि जळगावातील एका दंतवैद्यांच्या दवाखान्याचे फोन सकाळी १० ते १ या वेळेत घरून घेते. दवाखान्याचे फोन माझ्या मोबाइलवर फॉरवर्ड होतात व ठरलेल्या वेळा मी गूगल कॅलेंडरमध्ये नोंदवते; परंतु दवाखान्यात समोर आलेल्या रुग्णाला कंपाउंडरदादा वही पाहून वेळ देतात आणि ती नोंद माझ्यापर्यंत पोहोचत नाही. सव्वापाचची वेळ मी रावेरच्या आजींना द्यावी आणि त्याच वेळेला दादांनी रूट कॅनालचा रुग्ण बोलवावा, असे वारंवार घडते. दादा मोबाइलवर नोंद करायला तयार नाहीत. काय करावे?

अमळनेरकर : कॅलेंडरमधून बुकिंगची लिंक तयार करून रुग्णांना पाठवावी. घेतलेली वेळ पुन्हा कोणाला दिसत नाही.

जुना_काउंटर : लिंक फक्त कॅलेंडरमधल्या नोंदी तपासते, वहीतल्या नाही, त्यामुळे ताईंची अडचण तशीच राहील. त्यापेक्षा वेळाच वाटून घ्याव्यात. संध्याकाळी ५ ते ८ म्हणजे पाव-पाव तासाच्या १२ वेळा होतात. साडेसहापर्यंतच्या सहा फोनवाल्यांना द्याव्यात, कारण बाहेरगावच्या माणसाला परतीची एसटी गाठायची असते. नंतरच्या दादांकडे राहू द्याव्यात. त्यांतलीही पावणेआठची वेळ, ऐनवेळी दाढ ठणकणाऱ्या रुग्णासाठी, कोणालाच देऊ नये. रूट कॅनालला सलग तीन वेळा लागतात असे धरले, तर तुमच्या वाट्यात तसे दोनच रुग्ण बसतील. नेमका वेळ मात्र डॉक्टरांनाच विचारावा. दुपारी १ वाजता तुमची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावी, दादांनी ती वहीत उतरवावी आणि तुमच्या उरलेल्या वेळा तिथून पुढे त्यांच्या समजाव्यात. त्यानंतर त्या दिवसाची वेळ तुम्ही कोणालाही देऊ नये.

क्लासवाल्या_मॅडम : माझा धुळ्यात दहावीचा क्लास आहे. पालकांचे फोन रात्री नऊनंतरच येतात, त्यामुळे १० ते १ ही वेळच चुकीची वाटते.

तापीकाठ : मॅडम, आमच्याकडे सकाळीच फोन येतात, प्रश्न नोंदींचा आहे. काका, वाटणी पटली. मात्र वही पुन्हा पाहिल्यावर लक्षात आले, की गोंधळातल्या बऱ्याच नोंदी दादांच्या नसून डॉक्टरांच्या आहेत. रुग्ण खुर्चीवर असतानाच ते "पुढच्या बुधवारी साडेपाचला या" असे सांगतात.

जुना_काउंटर : ते अपेक्षितच होते, कारण रूट कॅनालच्या रुग्णाला बहुधा पुन्हा यावे लागते. डॉक्टरांनी फक्त दिवस सांगावा आणि वेळ दादांनी त्यांच्या वाट्यातून द्यावी. बाहेरगावच्या रुग्णाला लवकरची वेळ हवी असेल, तर दादांनी त्याचा नंबर तुम्हाला कळवावा. शिवाय रात्री दवाखाना बंद करताना पुढच्या आठवड्याच्या पानांचा फोटो पाठवायला सांगा; मोबाइलवर नोंद करण्यापेक्षा ते दादांना सोपे जाईल.

तापीकाठ : दादा फोटो पाठवायला तयार झाले आहेत. डॉक्टर मात्र ओळखीच्या लोकांना स्वतःच्या खासगी फोनवर वेळ देतात. ते त्यांना कोणी आणि कसे सांगावे?

अमळनेरकर : ते दादांनीच सांगावे. तुम्ही नवीन आहात.